नाजूक प्रश्न आणि पाळता येणारा शब्द

उत्पन्न आणि आजार हे दोन प्रश्न विचारताच सर्वेक्षणात खोटी उत्तरे येऊ लागतात. निपाणीच्या तंबाखूचा आणि विडी कामगार स्त्रियांच्या लढ्यांचा इतिहास बेळगावच्या श्रोत्यांना नव्याने सांगायला नको. त्याच स्त्रियांच्या घरांत हे प्रश्न कसे विचारावेत, एवढाच येथे विषय आहे.

घरी विड्या वळणाऱ्या बाईला महिन्याचे उत्पन्न विचारले, तर ती अंदाजाने आकडा सांगते. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. म्हणून गेल्या आठवड्यात किती विड्या दिल्या, किती बाद झाल्या, हजारी दर काय आणि वळायला घरातले आणखी कोण बसले, हे विचारावे. उत्पन्नाचा हिशेब सर्वेक्षकाने नंतर करावा. गट द्यायचे असतील, तर गटाची सीमा बीपीएल कार्डाच्या 1 लाख 20 हजार रुपयांच्या वार्षिक मर्यादेवर ठेवू नये. तशी ठेवली, तर कार्ड जाण्याच्या भीतीने उत्तरे तिच्या खालच्याच गटात गोळा होतात आणि तक्त्यात ती गर्दी लगेच दिसते.

आजाराचेही तसेच. ‘क्षय आहे का?’ याला ‘नाही’ हेच उत्तर मिळते. ‘दोन आठवड्यांहून जास्त दिवस खोकला आहे का?’ याचे उत्तर सासूसमोरही देता येते.

क्षयाचे औषध मध्येच सोडले का, हे मात्र आडवळणानेही विचारता येत नाही. तेथे नाणे कामी येते. स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे सोपे रूप आहे. औषध घेतलेली व्यक्ती आडोशाला नाणे उडवते. छापा पडला, तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचे; काटा पडला, तर खरे सांगायचे. समजा, 200 जणांपैकी 120 जण ‘हो’ म्हणाले. त्यांतले सुमारे 100 ‘हो’ छाप्याचे. उरलेल्या 100 जणांत 20 ‘हो’ खरे, म्हणजे प्रमाण 20 टक्के. कोणाचा ‘हो’ खरा, हे सर्वेक्षकालाही कळत नाही. याची किंमतही मोजावी लागते. 200 जणांत हा अंदाज सुमारे 14 टक्के-बिंदूंनी इकडेतिकडे होऊ शकतो. थेट प्रश्नाला सगळ्यांनी खरे सांगितले असते, तर तो फरक सहाच्या आत राहिला असता. म्हणून ही युक्ती मोठ्या नमुन्यातच वापरावी.

वेळ संपत आल्याने गुप्ततेविषयी मोजकेच. अर्जावर नाव नसले, तरी गल्ली, वय आणि वैधव्य एकत्र आले की बाई ओळखू येते. म्हणून अर्जावर फक्त क्रमांक असावा, नावांची यादी वेगळ्या कुलपात राहावी, त्याच गल्लीतला सर्वेक्षक नसावा आणि चार-पाच जणांचे गट छापू नयेत. एवढे पाळता येत नसेल, तर गुप्ततेचा शब्द देऊ नये आणि तो प्रश्नही अर्जातून काढून टाकावा.