फोटोतला हार कुठला?

जुन्या फोटोतला हार कुठल्या प्रांतातला हे ठरवताना आधी खड्याची कड बघावी. खड्याला धरणारे काटे दिसत नसतील आणि भोवती सोन्याची मऊ, किंचित उंचसखल कड असेल, तर तो बहुधा कुंदन जडाव. यात शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोवती दाबून बसवतात. खड्याखाली चकाकता वर्ख असतो, म्हणून फोटोतही खडा आतून उजळल्यासारखा वाटतो.

पण एवढ्यावरून जयपूर म्हणू नये. कुंदन हैदराबादेत होतं, दक्षिणेतही होतं. मग नक्षी बघा. लाल खड्यांच्या मधोमध लक्ष्मी, हंस किंवा कोयऱ्या असतील, तर कल तमिळनाडूकडे जातो. पाठीवर लाल-हिरवा मीना असेल, तर राजस्थानची शक्यता बळावते. समोरून काढलेल्या फोटोत नेमकी हीच बाजू हरवते!

शिवाय कारागीर आश्रयदात्यामागे जातात आणि दागिने लेकीबरोबर सासरी. मुंबईच्या झवेरी बाजारात आज कितीतरी बंगाली कारागीर काम करतात, त्यामुळे कोल्हापुरी साजही बंगाली हातांतून उतरू शकतो. तेव्हा फोटोवरून शैली सांगावी. घडवल्याचं ठिकाण सांगायला दागिना हातात घेऊन उलटूनच बघावा लागतो.