बेरीज जुळली, तरी बिल चुकलेले असू शकते

(आपल्या केंद्रात हिशेबनीसाचे काम शिकणाऱ्या तरुण-तरुणींसमोर एका ज्येष्ठ हिशेबनीसांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. आपल्या वाचकांपैकी काहींची स्वतःची दुकाने व छोटे कारखाने आहेत. त्यांनाही उपयोग होईल म्हणून तो येथे देत आहोत.)

मुलांनो आणि मुलींनो,

बिलातल्या चुका दोन जातीच्या असतात. पहिली चूक आकड्याची. १,७७,००० रुपयांच्या बिलावर १,७१,००० पडले, तर पैसे बँकेत जमा होतील त्या दिवशी ती सापडते. फार तर एक फोन करावा लागतो. दुसऱ्या जातीच्या चुकीत आकडा बरोबर असतो, बेरीज बरोबर असते, पैसेही पूर्ण येतात. म्हणून ती कोणाच्या नजरेस येत नाही. ती आपल्या वहीत नसतेच. ती समोरच्याच्या खात्यात जाऊन बसलेली असते. महाग पडते ती ही दुसरी. आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

माझ्या पाहण्यातले एक प्रकरण सांगतो. नावे सांगत नाही. लोखंडी कपाटे बनवणारा एक छोटा कारखाना होता. तो दर महिन्याला जीएसटीचे विवरण भरत असे. १२ ऑगस्ट २०२३ रोजी त्याने नाशिकच्या एका दुकानदाराला दहा कपाटे विकली. एका कपाटाची किंमत १५,००० रुपये, म्हणजे माल १,५०,००० रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा १३,५०० आणि राज्याचा १३,५००, मिळून २७,०००. एकूण बिल १,७७,००० रुपयांचे. दुकानदाराने महिन्याभरात सगळे पैसे दिले. कारखान्याने २७,००० रुपये कर सरकारजमा केला. वही बंद, विषय संपला, असे सगळ्यांना वाटले.

चूक एकच होती. या दुकानदाराचे खाते संगणकावर नवीन उघडायचे होते. त्याच नावाचे दुसरे एक दुकान मालेगावला होते आणि त्याचे खाते आधीपासून होते. बिले करणाऱ्या मुलाने वेळ वाचवण्यासाठी त्या खात्याची नक्कल केली, पत्ता बदलला, फोन बदलला. जीएसटी क्रमांक बदलायचा राहिला. बिलावर नाव बरोबर, पत्ता नाशिकचा, रक्कम बरोबर, आणि क्रमांक मालेगावच्या दुकानाचा.

तुम्ही विचाराल, संगणकाने ही चूक पकडली कशी नाही? जीएसटी क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. अगदी शेवटचे चिन्ह तपासणीचे असते. ते आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. त्यामुळे टाइप करताना एखादा अंक चुकला, तर शेवटचे चिन्ह जुळत नाही आणि पोर्टल तो क्रमांक बहुधा घेतच नाही. पण इथे कोणताही अंक चुकलेला नव्हता. क्रमांक खरा होता, चालू होता, फक्त दुसऱ्याचा होता. क्रमांक खरा आहे की नाही एवढे यंत्र सांगते. तो या गिऱ्हाइकाचा आहे की नाही, हे बघायला माणूसच लागतो.

आता कारखान्याच्या बाजूने बघा. क्रमांक नाशिकच्या दुकानाचा असो वा मालेगावच्या, कर २७,०००च. विक्रीची बेरीज तीच, कराची बेरीज तीच, बँकेतली जमा तीच. वर्षाअखेर ताळेबंद जुळला. सगळी बेरीज दहा वेळा तपासली असती, तरी ही चूक सापडली नसती.

मग नुकसान कुठे झाले? नाशिकच्या दुकानदाराकडे. त्याने कपाटांच्या किमतीबरोबर २७,००० रुपये कर कारखान्याला दिला होता. ती कपाटे तो पुढे विकतो तेव्हा गिऱ्हाइकाकडून कर घेतो. त्यातून हे आधी दिलेले २७,००० वजा करून उरलेलाच कर तो सरकारला भरतो. यालाच आपण इनपुट क्रेडिट म्हणतो. पण हातात कागदी बिल आहे एवढ्यावर ते क्रेडिट मिळत नाही. विकणाऱ्याने आपल्या विक्रीच्या विवरणात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, ते बिल दाखवावे लागते, आणि तिथून ते घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात उतरावे लागते. ते कोणाच्या तक्त्यात उतरायचे, हे ठरवतो क्रमांक. नाव आणि पत्ता तिथे काही कामाचे नाहीत. साहजिकच आपले बिल मालेगावला उतरले.

नाशिकच्या दुकानातल्या हिशेबनिसाने तक्ता पाहिलाच नाही. त्याने कागदावरून २७,००० उचलले आणि २० सप्टेंबर २०२३ रोजी विवरण भरताना वापरूनही टाकले. पुढे विभागाच्या तपासणीत फरक दिसला. क्रेडिट तक्त्यात नाही, तरी घेतले आणि वापरले, म्हणून ते परत भरा, आणि वापरल्या दिवसापासून वर्षाला १८ टक्के दराने व्याज भरा, असे त्याला सांगण्यात आले. त्याने मार्च २०२५ मध्ये रक्कम भरली. दीड वर्षाचे व्याज सुमारे ७,२९० रुपये झाले. मूळ २७,००० आणि हे ७,२९० मिळून ३४,२९०. त्याने पुढच्या बिलातून तेवढे पैसे कापून घेतले आणि कारखान्याला कळवले, ‘चूक तुमची, भरपाई तुमची.’

आता कारखान्याला हे किती महाग पडले ते मोजू. एका कपाटामागे त्याला १,२०० रुपये सुटत. दहा कपाटांच्या त्या विक्रीत नफा झाला होता १२,०००. भरपाई ३४,२९०. म्हणजे एका क्रमांकापायी एकोणतीस कपाटांचा नफा गेला. बरे, सरकारचा कर बुडाला होता का? तर नाही. कारखान्याने तो वेळेवर भरला होता. तोच कर दुकानदाराला दुसऱ्यांदा भरावा लागला आणि अखेर तो कारखान्याच्या खिशातून गेला.

हे थांबवता आले नसते का? आले असते, आणि जवळजवळ फुकटात. बिल केले त्या दिवशी लक्षात आले असते, तर ते रद्द करून नवीन करायचे, एवढेच. रद्द बिलाची प्रत मात्र फाडून टाकायची नाही. बिलांचे क्रमांक ओळीने असतात आणि रद्द केलेल्यांची संख्याही विवरणात द्यावी लागते. लक्षात यायला काही दिवस गेले असते, तरी ऑगस्टचे जीएसटीआर-१ भरायची मुदत ११ सप्टेंबरपर्यंत होती. विवरण भरण्यापूर्वी क्रमांक बदलला असता, तर बाहेर कोणाला कळलेही नसते. विवरण भरून झाल्यावरही वाट बंद नव्हती. पुढच्या एखाद्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये जुन्या बिलाची दुरुस्ती दाखवता येते. तसे केले की ते बिल मालेगावच्या खात्यातून निघते आणि नाशिकच्या खात्यात येते. त्यासाठी एक फोन, एक पत्र आणि अर्ध्या तासाचे काम पुरते.

पण या वाटेला शेवटची तारीख आहे. बिल ज्या आर्थिक वर्षातले, ते वर्ष संपल्यानंतर येणारा ३० नोव्हेंबर. वार्षिक विवरण त्याआधी भरले, तर त्याच दिवशी मुदत संपते. आपले बिल २०२३-२४ मधले, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२४. क्रेडिट घेण्याची, विवरणातली चूक दुरुस्त करण्याची आणि क्रेडिट नोटमधून कर कमी करून घेण्याची, तिन्ही कामांची मर्यादा हीच. दुकानदाराला नोटीस आली ती त्यानंतर. आदल्या दिवशी अर्ध्या तासाचे असलेले काम दुसऱ्या दिवशी पोर्टलवर अशक्य झाले होते. म्हणून मी म्हणतो, चूक बसून राहत नाही. ती तीच असते, पण दुरुस्तीची एकेक वाट तारखेनुसार बंद होत जाते आणि तिची किंमत वाढत जाते.

मुदतीनंतर काहीच उरत नाही का? न्यायालय उरते. चुकीच्या जीएसटी क्रमांकाच्याच एका प्रकरणात, स्टार इंजिनिअर्स यांच्या अर्जावर, मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मुदत उलटल्यावरही दुरुस्तीला परवानगी दिली. सरकारचा महसूल बुडालेला नव्हता आणि चूक अनवधानाने झाली होती, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. पण २७,००० रुपयांसाठी उच्च न्यायालयात जाणे कोणत्या छोट्या कारखान्याला परवडेल? वकिलाची फी कदाचित त्याहून जास्त होईल.

आता तुम्ही काय करायचे ते सांगतो. दोनच सवयी लावून घ्या.

पहिली सवय खाते उघडतानाची. कोणत्याही खात्याची नक्कल करू नका. गिऱ्हाइकाकडून नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागवा, तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर ‘Search Taxpayer’ मध्ये टाका, आणि जे नाव व जो पत्ता पडद्यावर येईल तो आपल्या गिऱ्हाइकाशी ताडून बघा. क्रमांक कागदाशी जुळतो का, एवढेच बघून थांबू नका. क्रमांकावरून माणूस तोच निघतो का, ते बघा. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि एका खात्यासाठी बहुधा एकदाच करायचे असते. खात्यात चूक राहिली, तर त्या खात्यावरचे प्रत्येक बिल चुकत जाते. त्या कारखान्याचे नशीब की वर्षभरात त्या खात्यावर एकच बिल झाले होते.

दुसरी सवय महिन्याची. जीएसटीआर-२बी हा तक्ता दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. मोठ्या रकमेच्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला १५ तारखेला फोन करून विचारा, ‘आमचे बिल तुमच्या तक्त्यात दिसते आहे का?’ तुमची चूक तुमच्या वहीत दिसणार नाही, हे आपण पाहिले. ती त्यांच्या तक्त्यातच दिसते, म्हणून त्यांनाच विचारायला हवे. आणि तुम्ही खरेदी करणाऱ्याकडे नोकरीला असाल, तर कागदी बिल हातात आहे म्हणून क्रेडिट उचलू नका. आधी ते तक्त्यात शोधा. नसेल, तर विक्रेत्याला लगेच लेखी कळवा आणि क्रेडिट थांबवून ठेवा. नाशिकच्या हिशेबनिसाने सप्टेंबर २०२३ मध्येच एवढे केले असते, तर दुरुस्तीला चौदा महिने हातात होते आणि व्याजाचा एक रुपयाही लागला नसता.

उद्या वर्गात तुम्हाला वीस बिले देणार आहे. सगळ्यांच्या बेरजा बरोबर आहेत. त्यांतल्या तीन बिलांवर क्रमांक दुसऱ्याचा आहे. ती तीन मला शोधून द्या.