७२ तास नेमके कधीपासून?

पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठहून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी अपेक्षा असते. मी तो घेणार नाही. समोर बसलेल्यांपैकी बरेचजण मॅन्युअल टेस्टिंगमध्ये दोन वर्षं काढून दुसऱ्या नोकरीच्या शोधात आहेत, आणि मी टेबलाच्या पलीकडे बसून अशांच्या मुलाखती घेतो. तेव्हा काही प्रश्न आणि त्यांची मला पटणारी उत्तरं, एवढंच आज बोलेन.

हिंजवडीत काय किंवा खराडीत काय, दोन वर्षांच्या उमेदवाराला ‘बाउंडरी व्हॅल्यू अॅनालिसिस म्हणजे काय’ हे हमखास विचारतात. पाठ केलेलं उत्तर येतं: वय १८ ते ६० चालत असेल तर १७, १८, ६० आणि ६१ टाकून बघायचं. उत्तर चूक नाही. फ्रेशरला मी त्यावर पास करीन. दोन वर्षं काम केलेल्याला मात्र मी लगेच दुसरं उदाहरण देतो, आणि ते आपल्याच भागातलं असतं.

पंतप्रधान पीक विमा योजनेतला ७२ तासांचा नियम आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. गारपिटीनं किंवा पाणी साचून पीक गेलं, तर ७२ तासांच्या आत सूचना द्यायची. पुढं राज्यात योजनेचं स्वरूप बदलत गेलं, तो वेगळा विषय. समजा, एका काल्पनिक पोर्टलवर हा नियम बसवला आहे आणि तो तुम्हाला तपासायचा आहे. काय कराल?

बहुतेकजण सांगतात, ७१ तास ५९ मिनिटं, बरोबर ७२ तास, आणि ७२ तास १ मिनिट. चांगलं आहे. पण मला जो उमेदवार हवा असतो तो आधी उलट विचारतो, ‘सर, ७२ तास मोजायचे कधीपासून? पाऊस पडला तेव्हापासून, की शेतकऱ्यानं शेत पाहिलं तेव्हापासून? आणि फॉर्मवर नुकसानीची वेळ विचारली आहे, की नुसती तारीख?’

हा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे. हिशोब करून बघू. ५ जुलैला संध्याकाळी ६ वाजता गोदाकाठच्या शेतात पाणी शिरलं. नियमानं ८ जुलैच्या संध्याकाळी ६ पर्यंत मुदत. फॉर्म फक्त तारीख घेतो, आणि प्रोग्रॅम ती तारीख ‘५ जुलै, रात्री १२ वाजता’ अशी धरतो. मग मुदत ८ तारीख उजाडण्याआधी, मध्यरात्रीच संपते. शेतकऱ्याचे १८ तास गेले, आणि स्क्रीनवर सरळ ‘मुदत संपली’ असं येतं. कुठं काही क्रॅश होत नाही, लाल अक्षरांत एरर येत नाही. असा बग पाठ केलेल्या टेस्ट केसला सापडत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. सर्व्हर पुष्कळदा जागतिक वेळेवर चालतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. तारखेची मध्यरात्र त्या घड्याळानं धरली गेली, तर मुदत आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला संपेल आणि नुकसान साडेबारा तासांचं होईल. दोन्ही दोष बाहेरून सारखेच दिसतात. ओळखायचे कसे? ८ तारखेला पहाटे २ वाजता एक अर्ज टाका आणि सकाळी १० वाजता दुसरा. नियम बरोबर बसवला असेल तर दोन्ही स्वीकारले जातील. दोन्ही नाकारले तर आपल्या मध्यरात्रीपासून मोजणी चालू आहे. पहिला घेतला आणि दुसरा नाकारला, तर जागतिक वेळेचा संशय घ्यायला जागा आहे. अर्थात रात्री जागत बसायचं नाही, टेस्ट सर्व्हरचं घड्याळ पुढंमागं करून हे करता येतं. तशी सोय मागून घ्यायची असते, हेही उत्तरात आलं तर मी पुढचा प्रश्न जरा हलका विचारतो.

सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटीतला फरक तुम्ही सगळे सांगता, आणि सगळे एकच उदाहरण देता: कंपनीचा लोगो चुकला. ऐकून कान किटले. त्याऐवजी असं म्हणा: खरिपाचे अर्ज चालू असताना रब्बी ज्वारीचा अहवाल उघडताच अॅप बंद पडलं. सिव्हिअरिटी जास्त, पण आज प्रायॉरिटी कमी. रब्बीचे अर्ज सुरू व्हायच्या तोंडावर तोच बग, तीच सिव्हिअरिटी, पण प्रायॉरिटी पहिली. उलट परभणी जिल्ह्याच्या यादीत पाथरीच्या जागी पाथर्डी छापलं गेलं, तर अर्ज पुढं सरकेलही, पण इथला माणूस पहिल्याच पानावर थबकेल. ते त्याच दिवशी दुरुस्त व्हायला हवं.

आता ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त उमेदवार घसरतात तो. ‘डेव्हलपर म्हणतो, माझ्याकडे हे होत नाही. तुम्ही काय कराल?’

‘मी मॅनेजरला सांगेन’ हे उत्तर पहिलं बाद. ‘मी त्याला नम्रपणे समजावीन’ हे दुसरं बाद. नमुना उत्तर साधारण असं हवं: ‘एका शेतकऱ्याचे एकाच नुकसानीचे दोन अर्ज तयार होत होते. डेव्हलपरकडे वेगवान वायफाय होतं, तिथं एकच अर्ज बने. मी क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग मुद्दाम कमी केला आणि सबमिट दोनदा दाबलं. पहिलं उत्तर परत येईपर्यंत बटण चालूच राहत होतं, म्हणून दोन विनंत्या गेल्या. त्या दोन्ही विनंत्यांच्या वेळा, बिल्ड नंबर आणि वापरलेला डेटा बगमध्ये लिहिला. मग जुन्या नोंदींत असं किती वेळा झालंय ते क्वेरी लिहून पाहिलं.’

इथं मी कागद पुढं सरकवतो आणि ती क्वेरी लिहायला सांगतो. दोन वर्षांनंतर एवढं एसक्यूएल यायलाच हवं. पुष्कळजण फक्त गट नंबरवर मोजतात:

```sql
SELECT gut_no, COUNT(*)
FROM claims
GROUP BY gut_no
HAVING COUNT(*) > 1;
```

क्वेरी चालते, पण उत्तर फसवं येतं. एकच गट नंबर दोन गावांत असू शकतो, आणि एका गटात भावाभावांची नावं वेगवेगळी असतात. ते सगळे खरे अर्जदार या यादीत डुप्लिकेट म्हणून येतील. सातबारा पाहिलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही, आणि इथं तुम्ही शहरातल्या उमेदवाराच्या पुढं आहात. नीट क्वेरी अशी:

```sql
SELECT farmer_id, village_code, gut_no,
       crop, loss_date, COUNT(*)
FROM claims
GROUP BY farmer_id, village_code, gut_no,
         crop, loss_date
HAVING COUNT(*) > 1;
```

`loss_date` का घेतला, असं मी विचारणारच. जुलैत पाणी शिरलं आणि सप्टेंबरात पुन्हा शिरलं, तर दोन्ही अर्ज खरे असतात. हीसुद्धा पक्की चाळणी नाही. दुसऱ्यांदा भरताना तारीख चुकली तर ती जोडी निसटेल. ‘ही क्वेरी संशयित दाखवते, निकाल देत नाही’ असं उमेदवार स्वतःहून म्हणाला, तर माझ्या वहीत त्याच्या नावापुढं खूण होते.

‘बग बंद झाला, आता काय?’ या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. बटण पहिल्या दाबानंतर बंद होतं का हे बघणं म्हणजे रीटेस्टिंग. पण विनंती मध्येच तुटली तर ते बटण परत चालू होतं का, की शेतकरी तिथंच अडकून बसतो, आणि त्याच बटणावर चालणारा अर्ज-दुरुस्तीचा फॉर्म अजून चालतो का, हे बघणं रिग्रेशनमध्ये येतं. पहिलं सगळे करतात.

जेवणानंतर या सभागृहात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे. ज्यांची पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे त्यांनी आधी बसावं. येताना आपला एक खरा बग, कंपनीचं नाव खोडून, लिहून आणावा.