सूचनेला घड्याळ लावताना

आमच्या गल्लीत एक लहानसे रुग्णसेवा मंडळ आहे. खाटा, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या असे साहित्य ते गरजूंना वापरायला देते. त्याचे फेसबुकवर एक पान आहे. त्यावरच्या सूचना एक तरुण कार्यकर्ता रोज हाताने टाकीत असे. त्याला रात्रपाळी लागली आणि सूचना कधी मध्यरात्री, तर कधी मुळीच येईनात. तेव्हा सूचना आधी लिहून ठेवायच्या आणि ठरल्या वेळी त्या आपोआप प्रसिद्ध व्हाव्यात, असे ठरले. यासाठी 30 दिवसांची मुदत घेतली. त्या दिवसांत काय झाले ते सांगतो. तुमच्या शाळेला वा मंडळाला ते उपयोगी पडेल.

पहिले सात दिवस आम्ही यंत्राला हातच लावला नाही. वही घेतली आणि मागच्या महिन्यातील 26 सूचना वेगळ्या केल्या. त्यांपैकी 15 अगदी ठरलेल्या होत्या. केंद्राची वेळ, साहित्य परत करण्याची आठवण, अशा. सहा सूचना बदलू शकणाऱ्या कार्यक्रमांच्या होत्या. डॉक्टर येणार, शिबिर होणार, अशा. उरलेल्या पाच अचानकच्या. रक्त हवे आहे, ही त्यांतलीच. घड्याळ लावायचे ते पहिल्या पंधरांनाच, हे त्या वहीनेच आम्हांला सांगितले.

दुसरा आठवडा किल्ल्यांचा. पान एकट्या त्या तरुणाच्या हाती होते. तो परगावी गेला असता तर कुलूप आमचे आणि किल्ली त्याची, अशी गत! म्हणून आणखी दोघांना पानाचे पूर्ण अधिकार दिले, पण प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यातून. एकच पासवर्ड चौघांत वाटला नाही. मग `Meta Business Suite` मधील `Planner` या कॅलेंडरात सूचना कशी बसवायची ते तिघे शिकले. या सोयीला पैसे पडत नाहीत. व्हॉट्सॲपचा गट मात्र हातानेच चालू ठेवला. तिथे बाहेरची अनधिकृत ॲपे जोडली तर खातेच बंद होण्याची भीती असते.

तिसऱ्या आठवड्यात फक्त सोमवारची एकच सूचना लावून पाहायची, असे ठरले होते. ती सकाळी सातऐवजी संध्याकाळी सातला गेली, कारण `AM` च्या जागी `PM` राहिले होते. हे हसण्यावारी गेले. पण उत्साहाच्या भरात कोणीतरी रविवारच्या नेत्रतपासणीची सूचनाही लावून दिली होती. शनिवारी डॉक्टर आजारी पडले. आम्ही फोनाफोनी करून तपासणी रद्द केली. पण लावलेली सूचना कोणाच्याच लक्षात राहिली नाही. रविवारी सकाळी "आज तपासणी, अवश्य या" असे पानाने इमानेइतबारे जाहीर केले आणि अकरा वृद्ध मंडळी बंद दारापुढे येऊन उभी राहिली. एक आजी काठी टेकीत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो सर, तुम्हीच बोलावलंत ना?" मला उत्तर सुचले नाही.

त्या दिवशी तीन नियम झाले. जो कार्यक्रम रद्द करील, त्याने फोन करण्याआधी `Planner` उघडून त्या कार्यक्रमाच्या सर्व सूचना काढाव्यात. सूचनेत "आज" किंवा "उद्या" लिहू नये. वार आणि तारीख लिहावी, म्हणजे ती उशिरा वाचली तरी घोटाळा होत नाही. आणि महिनाभराचे एकदम लावू नये. दर शनिवारी दोघांनी बसून पुढच्या आठवड्याचेच लावावे, आणि प्रत्येक सूचना मोठ्याने वाचावी.

चौथ्या आठवड्यात पंधराच्या पंधरा सूचना घड्याळावर गेल्या. बदलणाऱ्या सहा नुसत्या लिहून ठेवल्या. आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून होकार मिळाला, तरच त्या सोडायच्या. रक्ताची हाक मात्र माणसानेच द्यायची, आणि गरज भागली की लगेच काढायची. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. यंत्र सूचना धाडते, उत्तर देत नाही. "खाट मिळेल का?" असे कोणी खाली विचारले, तर तो प्रश्न तसाच पडून राहतो. म्हणून उत्तरे देण्याच्या पाळ्या वाटून फळ्यावर लिहिल्या.

तिसाव्या दिवशी हिशेब केला. किती जणांनी पसंती दाखवली, हे मोजले नाही. शेवटच्या आठवड्यात चुकीची सूचना गेली का, आणि दिवसाहून अधिक काळ किती प्रश्न बिनउत्तर राहिले, एवढेच पाहिले. चुकीची एकही गेली नव्हती. प्रश्न दोन राहिले होते. म्हणून पाळ्या बदलल्या आणि आणखी एक आठवडा तोच हिशेब ठेवला.

त्या आजींची तपासणी पुढच्या रविवारी झाली. त्यांना मात्र सूचना पाठवली नाही. मी स्वतः घरी जाऊन सांगून आलो.