थोरला कोण, शेम की याफेथ?

ठाण्याच्या सिनेगॉगचे नाव आहे शाआर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचे दार. मुंबईतले सगळ्यात जुने सिनेगॉग 1796 सालचे, त्याचे नाव शाआर हाराहामीम, दयेचे दार. पुण्यातले ओहेल डेव्हिड म्हणजे दावीदाचा तंबू. आणि ज्यांनी ही प्रार्थनास्थळे बांधली किंवा जपली, त्या आपल्या कोकणातल्या समाजाचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची मुले. ही सगळी नावे एकाच घाटाची आहेत. दोन नामे शेजारी ठेवायची, मध्ये काही घालायचे नाही आणि ‘चा-ची-चे’चे काम साधायचे. हिब्रूत या रचनेला स्मिखुत म्हणतात. आपण तिला नामांची साखळी म्हणू.

मराठीत ‘राजाचे घर’ म्हणताना प्रत्यय राजाला लागतो, घर जसेच्या तसे राहते. हिब्रूत हे नेमके उलटे आहे. राजा, म्हणजे मेलेख, तसाच राहतो आणि घर बदलते. एकटे असताना ते ‘बायित’ असते, साखळीत आले की ‘बेत’ होते. बनीम म्हणजे मुलगे, साखळीत त्याचे होते ब्ने, तेच आपल्याकडे बेने. मलका म्हणजे राणी, ती होते मलकत. पहिल्या शब्दावरचा जोर उतरतो आणि तो पुढच्या शब्दाला टेकतो. शाआरसारख्या काही शब्दांत मात्र काहीच फरक दिसत नाही, तिथे नुसत्या शेजारावरून ओळखायचे.

मग या साखळीत मुख्य कोण? पहिली चाचणी ‘हा’ या उपपदाची. ‘तो विशिष्ट’ असे सांगणारे हे ‘हा’ शेवटच्या नामालाच लागते, आणि त्याने अख्खी साखळी निश्चित होते. शाआर हाशामायिममध्ये ‘हा’ स्वर्गाला चिकटले आहे, पण त्यामुळे दारसुद्धा ‘ते दार’ झाले. दावीद हे विशेषनाम असल्यामुळे ओहेल डेव्हिडला ‘हा’ लागतही नाही. आजच्या इस्राएलमध्ये वकिलाला ‘ओरेख दीन’ म्हणतात. व्याकरणाप्रमाणे ‘तो वकील’ म्हणजे ‘ओरेख हादीन’, पण रस्त्यावरचा माणूस सरळ ‘हाओरेख दीन’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या कानाला तो एकच शब्द झालेला असतो.

तेव्हा निश्चितपणा ठरवते शेवटचे नाम, पण वाक्य चालवते पहिले. राजाच्या राण्या आल्या, तर क्रियापद राण्यांच्या लिंग-वचनाने चालते. इथे एक मोठा अपवाद आहे. ‘कोल’ म्हणजे सगळे. रूपाने ते साखळीतले पहिले नाम, पण अर्थाने नुसते मोजमाप. म्हणून क्रियापद बहुधा पुढच्या नामाकडे बघते. काईन आणि हाबेलच्या गोष्टीत याहून मजेदार प्रकार आहे. तिथे देव म्हणतो की भावाच्या रक्ताचा आवाज जमिनीतून हाक मारतो आहे. आवाज एकवचनी, रक्त हिब्रूत तिथे अनेकवचनी, आणि हाक मारणारे रूपही अनेकवचनी. म्हणजे हाक आवाज मारत नाही, रक्त मारते. काही व्याकरणकार म्हणतात, तिथला ‘आवाज’ हा शब्द ‘ऐक!’ अशा उद्गारासारखा घ्यावा. मला ते पटते.

खरी अडचण विशेषणाची. ही साखळी मध्ये तोडता येत नाही, म्हणून विशेषण कोणाचेही असो, ते शेवटी जाऊन बसते. दोन नामांचे लिंग वेगळे असेल, तर काम सोपे. ‘राजाची बायको’ या साखळीनंतर ‘चांगली’ हे स्त्रीलिंगी विशेषण आले, तर चांगली कोण, हे उघड आहे. पण दोन्ही नामे पुल्लिंगी आणि एकवचनी असतील तर?

उत्पत्तीच्या पुस्तकात, 10 व्या अध्यायात, 21 व्या वचनात नोहाच्या शेम या मुलाची ओळख करून दिली आहे. तिथे तीन शब्द आहेत : अही येफेत हागादोल. आह म्हणजे भाऊ, त्याचे साखळीतले रूप अही. येफेत म्हणजे आपण ज्याला याफेथ म्हणतो तो. हागादोल म्हणजे मोठा. आता शेम हा याफेथचा थोरला भाऊ, की थोरल्या याफेथचा भाऊ? भाऊही पुल्लिंगी, याफेथही पुल्लिंगी. ‘हा’ लागल्याने काही कळत नाही, कारण याफेथ विशेषनाम, म्हणून साखळी आधीच निश्चित. विशेषण कोणाचेही असले तरी त्याला ‘हा’ लागणारच.

ग्रीक भाषांतरकारांनी ‘मोठा’ला षष्ठी लावली, म्हणजे थोरला याफेथ. लॅटिनमध्ये जेरोमने विशेषण भावाच्या विभक्तीत ठेवले, म्हणजे थोरला शेम. दोन्ही भाषांत विभक्ती असल्यामुळे त्यांना तोंड उघडून बाजू घ्यावीच लागली. मूळ हिब्रूतही एक खूण आहे, पण ती अक्षरांत नाही, स्वरचिन्हांत आहे. वाचन कुठे थांबवायचे ते दाखवणारी ही चिन्हे पुष्कळ शतकांनंतर पंडितांनी घातली. या वचनात ‘अही’वर थांबण्याचे चिन्ह आहे आणि ‘येफेत हागादोल’ एका दमात म्हणायचे आहे. म्हणजे त्या पंडितांनी याफेथला थोरला मानले.

अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी इथे व्याकरणावर विसंबत नाही. थोरला कोण, ते या शब्दांवरून कळत नाही, असे तो मान्य करतो आणि वयांचा हिशेब मांडतो. नोहा 500 वर्षांचा असताना त्याला मुले होऊ लागली. जलप्रलय आला तेव्हा तो 600 वर्षांचा होता. प्रलयानंतर 2 वर्षांनी शेमला मुलगा झाला, तेव्हा शेमचे वय 100 दिले आहे. म्हणजे त्या वेळी नोहा 602 वर्षांचा, आणि शेम जन्मला तेव्हा 502 चा. पहिला मुलगा 500 व्या वर्षी झाला असेल, तर तो शेम नव्हे. तिसरा भाऊ हाम, त्याला दुसरीकडे धाकटा म्हटले आहे. उरला याफेथ.

हिशेब देखणा आहे, पण तो 500 या आकड्यावर उभा आहे. तो मोघम धरला, तर दोन वर्षांचे अंतर विरघळते. शिवाय तिघांची नावे जिथे एकत्र येतात, तिथे शेमचे पहिले असते, आणि त्याचे कारण मान की वय, ते मजकूर सांगत नाही. तरी मी याफेथच्या बाजूने आहे, कारण वयांचा हिशेब आणि वाचण्याची परंपरा या दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येतात.

1832 साली जॉन विल्सन यांनी मुंबईत बेने इस्राएल लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक काढले. पुढे पंडिता रमाबाईंनी सबंध बायबल मुळावरून मराठीत आणले. मराठीत हे वचन उतरवणाऱ्या कोणालाही पळवाट नाही. आपले विशेषण आपल्या नामाबरोबर सामान्यरूपात जाते, म्हणून ‘थोरला’ लिहायचे की ‘थोरल्या’, एवढ्यावरच शेम आणि याफेथ यांच्यातले वडीलपण ठरून जाते.