पुलाखालचं पाणी : गर्भाशय काढताना मूत्रवाहिनी कशी जपायची

आज एकाच जागेबद्दल बोलू या. गर्भाशयाच्या तोंडापासून बाजूला साधारण दीड ते दोन सेंटिमीटरवर गर्भाशयाची धमनी आडवी येते आणि तिच्या खालून मूत्रवाहिनी, म्हणजे युरेटर, मूत्राशयाकडे जाते. आम्हाला शिकताना सांगायचे, ‘पुलाखालून पाणी’. धमनी हा पूल, आणि खालचं पाणी म्हणजे लघवी.

गर्भाशय काढताना हा पूल कापावाच लागतो. म्हणून आधी मूत्राशय नीट खाली सरकवायचं, त्याबरोबर मूत्रवाहिनीही खाली आणि बाहेर जाते. सहायकाने गर्भाशय वर आणि विरुद्ध बाजूला ओढून धरायचं. मग क्लॅम्प गर्भाशयाला अगदी चिकटून, काटकोनात लावायचा. पुढचा प्रत्येक क्लॅम्प आधीच्या क्लॅम्पच्या आतल्या बाजूला.

एक प्रसंग सांगतो. पंचेचाळिशीच्या बाई, मोठा फायब्रॉइड. डाव्या धमनीचा टाका सुटला आणि रक्त भरलं. मी घाईत, नीट न दिसता, क्लॅम्प लावून टाका घातला. रक्त थांबलं, पण मला चैन पडेना. खरं तर तेव्हा बोटाने दाबून धरायला हवं होतं. रक्त ओढून घ्यायचं, वरती कमरेच्या हाडाच्या कडेजवळ, मोठ्या धमनीला दोन फाटे फुटतात तिथे मूत्रवाहिनी शोधायची, ती खालपर्यंत डोळ्यांनी बघत यायचं आणि मगच टाका. हलकेच स्पर्श केला की ती अळीसारखी वळवळते. रक्तवाहिनी तशी वळवळत नाही.

शेवटी दुर्बिणीने मूत्राशयात पाहिलं. उजव्या छिद्रातून लघवीची धार येत होती. डावीकडे दहा मिनिटं थांबलो, काहीच नाही. तो टाका काढला, आणि धार आली! रक्तस्राव मग नीट बघून थांबवला. मूत्रवाहिनीचा रंग चांगला होता, तरी युरॉलॉजिस्टनी आत डीजे स्टेंट ठेवला आणि सहा आठवड्यांनी काढला. बाई बऱ्या झाल्या.

आता विचार करा, दुर्बीण घातली नसती तर? पिशवीत लघवी येतच राहिली असती, कारण दुसरी किडनी काम करते. क्रिएटिनिनही फारसं वाढलं नसतं. म्हणून ‘लघवी होतेय ना’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ऑपरेशननंतर कुशीत दुखणं, ताप, पोट फुगणं, किंवा एक-दोन आठवड्यांनी योनीमार्गातून सतत पाणी गळणं, यांपैकी काही झालं तर लगेच सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे सीटी करा.

आणि धार दिसली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कॉटरीने भाजलेली मूत्रवाहिनी त्या दिवशी धार देते आणि काही दिवसांनी फुटते. म्हणून पुलाजवळ कॉटरी जपून. आज इथेच थांबतो.