नोकरशाहीचे ‘आदर्श’ प्रारूप आणि वारसनोंदीचा अर्ज
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘नोकरशाही’ हा शब्द आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या सुरातच उच्चारला जातो. दिरंगाई, लाल फीत, टेबलावरून टेबलावर फिरणारी फाइल हे त्याचे नेहमीचे अर्थ. परंतु ज्या विचारवंताने या व्यवस्थेचा पहिला सांगोपांग अभ्यास केला, त्या जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या मते मोठ्या प्रमाणावरील कारभार अचूकपणे, सातत्याने आणि सर्वांना एकाच न्यायाने चालविण्यास इतके समर्थ दुसरे साधन नव्हते. एकाच व्यवस्थेविषयी इतकी परस्परविरुद्ध मते का व्हावीत, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे घेऊ: सातबाराच्या उताऱ्यावरील वारसांची नोंद.

‘आदर्श’ म्हणजे अनुकरणीय नव्हे

वेबर यांचा जन्म १८६४ चा व मृत्यू १९२० चा. त्यांचा ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केला. नोकरशाहीचे विवेचन त्यात आहे. या विवेचनाला ‘आदर्श प्रारूप’ म्हणतात आणि मराठीत तेथेच गैरसमजाला आरंभ होतो. ‘आदर्श गाव’, ‘आदर्श शिक्षक’ या अर्थाने हा ‘आदर्श’ नाही. प्रत्यक्ष कचेऱ्यांत जे गुण कमीअधिक प्रमाणात आणि भेसळीने आढळतात, ते वेगळे काढून, टोकापर्यंत नेऊन, तर्कशुद्धपणे जोडलेले ते चित्र आहे. वाणसौदा मोजण्यासाठी मापाची आवश्यकता असते, परंतु माप म्हणजे धान्य नव्हे. तसेच हे प्रारूप प्रत्यक्ष कचेरी किती जवळ वा किती दूर आहे, हे मोजण्याचे साधन होय. वेबर स्वतः या व्यवस्थेचे भाट नव्हते. माणूस यंत्रातील एक दाता होऊन बसेल, ही भीती त्यांनी स्पष्टपणे व्यक्त केली होती.

प्रारूपाची प्रमुख लक्षणे

पहिले लक्षण ठरीव कार्यक्षेत्राचे. प्रत्येक पदाचे काम व अधिकार नियमाने आखलेले असतात. दुसरे, अधिकारांची उतरंड: खालच्या पदावर वरच्या पदाची देखरेख आणि खालच्या निर्णयाविरुद्ध वर दाद मागण्याची सोय. तिसरे, लेखी कारभार. निर्णय तोंडी राहत नाही, तो दप्तरात राहतो. चौथे, निवड पात्रतेवर आणि प्रशिक्षणावर. पद वंशपरंपरेने मिळत नाही, विकत घेता येत नाही. त्याबद्दल ठरावीक वेतन मिळते, सेवेअंती निवृत्तिवेतन मिळते. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे व्यक्तिनिरपेक्षता. समोरचा माणूस आप्त आहे की परका, श्रीमंत आहे की गरीब, हे न पाहता नियम लागू करावयाचा.

ही लक्षणे किती क्रांतिकारक होती, हे समजण्यासाठी आपल्याच भूमीतील वतनदारी आठवावी. गावचे जमिनीचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेले असे. ते पद वंशपरंपरागत होते. हक्क वाटणीत विभागले जात, त्यावरून भाऊबंदकी चाले. कचेरी आणि घर, सरकारी कागद आणि खाजगी मालमत्ता यांच्यात भिंत नव्हती. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. त्यांच्या जागी पगारी, बदलीयोग्य तलाठी आला. त्या पदाचे नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे. वेबर यांचे प्रारूप आपल्या गावात आले ते असे.

एका वारसनोंदीचा प्रवास

आता उदाहरण घेऊ. समजा, एक खातेदार शेतकरी मरण पावला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती घेऊन अर्ज येतो. त्याची नोंद प्रथम गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत होते. चौकशीनंतर गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते व त्याची सुनावणी होते. न आल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबारा बदलतो.

या पायऱ्या निरर्थक नाहीत. लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, ही उतरंड बनावट नोंदीला आळा घालते. नोटीस आणि मुदत यांमुळे गैरहजर वारसाला आवाज मिळतो. आणि व्यक्तिनिरपेक्षतेचे मोल त्या विवाहित मुलीला विचारावे. “ती तर सासरी गेली, तिचे नाव कशाला?” असे भाऊ म्हणतील, गावातील चार प्रतिष्ठितही म्हणतील. हिंदू कुटुंब असेल तर १९५६ च्या उत्तराधिकार अधिनियमानुसार ती प्रथम वर्गाची वारस आहे. गावाचे मत न विचारता तिचे नाव लिहिणारा नियमच येथे तिचा पाठीराखा असतो. तलाठी गावकीचे ऐकणारा असता, तर तिचा हक्क चावडीवरच संपला असता.

ताठरपणा कोठून येतो?

आता याच प्रकरणात एक छोटासा बदल करू. सातबाऱ्यावर नाव ‘रामा’ आहे, मृत्यूच्या दाखल्यावर ‘रामचंद्र’. दोन्ही एकच माणूस आहे, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही अर्ज परत येतो: “नावात तफावत, पुरावा जोडावा.” विधवा प्रतिज्ञापत्र करते. मग शाळेचा दाखला मागितला जातो. ‘रामा’ शाळेत गेलेलाच नसतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० मध्ये लिहिलेल्या निबंधात नेमके हेच दुखणे सांगितले. काम विश्वासार्ह व्हावे म्हणून नियमपालनाची शिस्त लावली जाते. ती इतकी अंगवळणी पडते की नियम कशासाठी होता हे विसरले जाते आणि नियम पाळणे हेच उद्दिष्ट बनते. साधन साध्याच्या आसनावर जाऊन बसते. मर्टन यांनी दिलेले उदाहरण मूळचे नॉर्वेजियन वैमानिक बर्न्ट बाल्कन यांचे आहे. अ‍ॅडमिरल बर्ड यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत त्यांनी विमान चालविले. पुढे त्यांचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज अडला. कारण सलग पाच वर्षे देशात वास्तव्य हवे आणि मोहिमेमुळे त्यात खंड पडला होता! अमेरिकेच्याच मोहिमेवर, अमेरिकेच्याच निशाणाखाली गेलेल्या माणसाला हा नियम लावणे अक्षरशः बरोबर होते, पण हेतूच्या दृष्टीने विपरीत होते.

‘रामा’ची गोष्ट याहून वेगळी नाही. मृत व्यक्ती व खातेदार एकच आहेत अशी खात्री पटविणे, हा दाखला मागण्याचा हेतू. ती खात्री स्थानिक चौकशीने, शेजाऱ्यांचे आणि पोलीस पाटलांचे जबाब घेऊनही पटू शकते. मग कर्मचारी तो मार्ग का घेत नाही? येथे त्याच्या स्वभावाला दोष देऊन भागत नाही. चौकशी करून निर्णय घेतला आणि तो पुढे चुकीचा ठरला, तर जबाबदारी एकाच सहीवर येते. अर्ज परत केला, तर जो उशीर होतो तो अनेक हातांत वाटला जातो आणि कोणाच्याच नावावर पडत नाही. प्रारूपाने प्रत्येक निर्णयाला सही दिली, पण विलंबाला सही दिली नाही.

फ्रेंच अभ्यासक मिशेल क्रोझिए यांनी १९६० च्या दशकात या साखळीचा पुढचा दुवा दाखविला. निर्णयाचा अधिकार वर आणि परिस्थितीचे ज्ञान खाली, अशी फारकत झाली की चूक घडताच वरून नवा नियम येतो. तो सर्व प्रकरणांना सारखा लागू होतो. त्यामुळे खालची मोकळीक आणखी घटते, तक्रारी वाढतात आणि त्यावर पुन्हा नियमच निघतो. एका तालुक्यात एक बनावट नोंद झाली की सर्वत्र आणखी एक दाखला जोडावा लागतो, हा त्याचा आपल्याकडील अनुवाद होय.

उपाय आणि त्याची मर्यादा

विलंबालाही सही असावी, या दिशेने आपल्या राज्याने दोन पावले टाकली. २००५ च्या कायद्यानुसार सामान्यतः कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे बंधन आले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत, जबाबदार पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिले, त्यानंतर आयोग आणि कसूर झाल्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी रचना केली.

हे उपाय वेबर यांच्या प्रारूपाबाहेरचे नाहीत, ही गोष्ट लक्षात घ्यावी. लेखी नियम, ठरीव जबाबदारी, वर दाद मागण्याची सोय ही त्याचीच अंगे आहेत. म्हणून मर्टन यांचा इशारा त्यांनाही लागू पडतो. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी अर्ज “त्रुटी आढळली” म्हणून निकाली काढला, तर तक्त्यात तो वेळेत निकाली निघालेला दिसतो. विधवेच्या हातात मात्र काहीच पडत नाही. संगणकावरील फेरफाराने हेलपाटे वाचले. परंतु पडद्यावरील रकान्यात न बसणारी हकिकत सांगायला समोर माणूस नसला, तर ताठरपणा केवळ कागदावरून यंत्रात गेला, असे होते.

हे ओळखावे कसे? निकाली अर्जांची संख्या न पाहता नामंजुरीची कारणे वाचावीत. तेच अर्जदार त्याच कामासाठी पुनःपुन्हा येत आहेत का, हे पाहावे. एकच त्रुटी शेकडा अर्जांत दिसत असेल, तर ती अर्जदारांची नसून नियमाची त्रुटी होय. आणि ज्या कर्मचाऱ्याने चौकशी करून, कारणे लिहून सद्भावाने निर्णय घेतला, त्याला वरिष्ठांनी पाठबळ दिले की नाही, हेही तपासावे. कारण ते न मिळाल्यास पुढचा अर्ज निश्चितपणे परत जातो.

व्यक्तिनिरपेक्षतेमुळे मुलीचे नाव सातबाऱ्यावर चढले आणि तिच्याच अतिरेकाने आईचा अर्ज अडला. दोन्ही गोष्टी एकाच प्रारूपाच्या आहेत. नियम सोडला तर पहिली गमावू, नियमाचा हेतू सोडला तर दुसरी भोगू. तेव्हा अर्जावर शेरा मारण्यापूर्वी हा कागद कोणती खात्री पटविण्यासाठी मागितला आहे आणि ती खात्री अन्य मार्गाने होते का, एवढी दोन वाक्ये टिपणीत लिहिण्याचा प्रघात पडावा. लेखी कारभाराचे वेबर यांनी सांगितलेले बळ मग अर्जदाराच्याही उपयोगी पडेल.